रेज केलं होतं हो, डीलरनं कॉलच धरला

ताई, मी कुडाळचा, वय ३४, हार्डवेअरचं दुकान आहे. पाच-सहा वर्षं मोबाइलवर पोकर खेळायचो. २०२५ च्या कायद्यानंतर पैशाचं ॲप बंद झालं म्हणून मावसभावाबरोबर पहिल्यांदाच पणजीला कॅसिनोच्या बोटीवर जाऊन बसलो, १००-२०० च्या टेबलावर, २०,००० घेऊन. फ्लॉपवर समोरच्यानं १,००० लावले, मी "तुमचे हजार... आणि वर दोन हजार" म्हणत चिप्स टाकल्या, तर डीलर म्हणाली स्ट्रिंग बेट, फक्त कॉल. पुढच्याच पानाला त्याचा फ्लश लागला. माझं रेज धरलं असतं तर तो पळालाच असता. नंतर एका डावात मी पानं टाकली तर एक काका खेकसले, नंबर नसताना का टाकलीस म्हणून. अहो, मी पॅक झालो, तुमचं काय गेलं? टेबलावर बोटं वाजवतो त्यावरूनही टोकलं (मी भजनात पखवाज वाजवतो, सवय आहे). हे सगळे नियम नवख्याला कापायला केलेत असं माझं मत झालंय.

दुसरं म्हणजे गणपतीत घरी आम्ही बिनपैशाचं खेळतो, हरेल त्यानं मोदकांचे नारळ खवायचे. भावोजींनी ऑल-इन करून फ्लश दाखवला, माझ्याकडे त्याच्याहून वरचं फुल हाउस. मी जरा मजा केली, "गेलो वाटतं मी" म्हणत एक पान उघडलं, ते चिप्स ओढायला लागले तेव्हा दुसरं. सगळे हसले. ते गौरी जेवायच्या आधीच चिपळूणला निघून गेले, अजून फोन नाही. एवढ्याशा गमतीचं एवढं? माफी मागायची का? आणि बोटीवरचे नियम घरी आणायचे का?

———

तू ताई म्हणालास म्हणून अरे-तुरेच करते. मी स्वतः सात वर्षं पणजीला डीलर होते, माहेर वेंगुर्ल्याचं, आता नोकरी सोडून घरीच असते, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला ती डीलर पोरगी पण दिसली, ते काका पण दिसले आणि तू पण दिसलास, चिप्स हातात धरून तोंड उघडं ठेवून बसलेला. रागावू नकोस, आठवड्याला तुझ्यासारखे चार तरी यायचे.

पण पत्रात मला एक उलटंपालटं दिसतंय. ज्या दोन गोष्टींत कुणीच तुझा अपमान केला नाही त्यांचा तुला राग आलाय, आणि जिथे खरंच अपमान झाला, भावोजींचा, तिथे तू "एवढ्याशा गमतीचं एवढं" म्हणतोयस. हे असं का झालं ते नीट बघूया, कारण त्यातच तुझ्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर आहे.

आधी स्ट्रिंग बेट, म्हणजे आधी समोरच्याएवढे टाकून कॉल दाखवायचा आणि मग वर अजून टाकून रेज करायचं. मोबाइलवर तू पट्टी सरकवायचास, आकडा दिसायचा, बटण दाबलं की रेज. अर्धवट रेज होणं शक्यच नव्हतं. म्हणजे पाच वर्षं एक यंत्र तुझा हात धरून खेळत होतं आणि तुला ते कळलं पण नाही. टेबलावर हात मोकळा आहे, म्हणून नियम लागतो.

आता त्या डावात तू समोरच्या माणसाच्या खुर्चीत बसून बघ. त्यानं १,००० लावलेत, हात थोडा अडकलाय, चार बदाम झालेत समज, पाचव्याची वाट बघतोय. तू म्हणतोस "तुमचे हजार" आणि हजाराची चिप पुढे टाकतोस. त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय येतं? कॉल झाला, वाचलो, पुढचं पान स्वस्तात मिळणार. माणूस सैल पडतो. खांदे खाली येतात, श्वास सुटतो, कुणी पाण्याच्या ग्लासाकडे हात नेतो. याउलट ज्याच्याकडे दमदार पानं आहेत आणि ज्याला तुझं रेजच हवं होतं तो नुसता कॉल बघून किंचित हिरमुसतो. हे सगळं एका सेकंदात चेहऱ्यावर येतं नि जातं. आणि ते बघून झाल्यावर तू म्हणतोस "आणि वर दोन हजार". म्हणजे तू आधी कॉल करून बघितलास, त्याचा चेहरा वाचलास, मग ठरवलंस रेज करायचं की नाही. माणूस सैल पडला तर रेज, हिरमुसला तर तिथेच गप्प. फुकटात मिळालेली माहिती.

तू म्हणशील, ताई माझ्या मनात असलं काही नव्हतं. माझा विश्वास आहे. पण माझ्या टेबलावर एक गृहस्थ यायचे, नेहमी पांढरा शर्ट, फार गोड बोलणं. त्यांची पद्धत अशी, की कॉलच्या चिप्स पुढे ठेवायच्या, बोटं चिप्सवरच, नजर समोरच्याच्या गळ्यावर, हो गळ्यावर, आवंढा गिळतो का बघायला, आणि मग हात परत मागे नेऊन अजून एक चळत उचलायची. पहिल्यांदा टोकलं तेव्हा म्हणाले, "अगं मी नवीन आहे." चौथ्यांदा टोकलं तेव्हाही म्हणाले, "अगं मी नवीन आहे." आता तूच सांग, डीलरनं तू आणि ते गृहस्थ यांच्यात फरक कसा करायचा? मनात काय होतं ते दिसत नाही, हात कसा हलला ते दिसतं. म्हणून नियम फक्त हाताची हालचाल आणि तोंडचा शब्द बघतो, मनातलं बघतच नाही. म्हणून तर तो कुणावर आरोपही करत नाही. डीलर "फक्त कॉल" म्हणाली तेव्हा तिनं तुला चोर म्हटलं नाही रे. तुझा पहिला शब्द होता "तुमचे हजार", तो कॉलचा शब्द आहे, आणि आपल्या नंबरावर तोंडातून निघालेला शब्द बांधील असतो. त्याच्यापुढचं सगळं उशिरा आलं.

सिनेमात हे वाक्य भयंकर चालतं, "तुमचे पाच लाख, आणि वर माझे दहा." सिनेमातल्या माणसाला खऱ्या टेबलावर बसवलं तर त्याचा पण कॉलच धरतील.

तुझ्या चुकीचं मोबाइलनंतरचं दुसरं कारण तीनपत्ती आहे असं मला वाटतं. आपण सगळे तीनपत्तीत वाढलेले, तिथे चाल ठरलेल्या पटीतच करायची असते, ब्लाइंडची एवढी, बघून खेळणाऱ्याची तेवढी किंवा तिच्या दुप्पट, म्हणून चिप्स दोन खेपेत टाकल्या तरी फार काही बिघडत नाही. नो-लिमिट होल्डेममध्ये आकडा कितीही होऊ शकतो, २,००० पासून समोरच्या सगळ्या चळतीपर्यंत. जिथे आकड्याला छत नाही तिथे तो हळूहळू वाढवत नेण्याची मुभा दिली तर खेळणं म्हणजे मासळीबाजार होईल, थोडं टाकायचं, चेहरा बघायचा, अजून थोडं टाकायचं.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत आणि तिन्ही सोप्या. एक, सगळी रक्कम एकाच खेपेत पुढे सरकवायची, परत चळतीकडे हात न्यायचा नाही. दोन, चिप्सना हात लावायच्या आधीच पूर्ण आकडा बोलायचा, "तीन हजार", मग चिप्स दहा खेपेत मोजून टाकल्यास तरी कुणी काही म्हणणार नाही. तीन, आधी "रेज" एवढाच शब्द बोलायचा, मग कॉलची रक्कम ठेवायची आणि उरलेली एकाच खेपेत. मी म्हणेन दुसरीच वाट धर, आणि आकडा नेहमी एकूण सांग. "वर दोन हजार" म्हटलं की एकाला वाटतं एकूण दोन, दुसऱ्याला वाटतं एकूण तीन, आणि मग फ्लोअर मॅनेजरला बोलवा. "तीन हजार करतो" म्हण, विषय संपला.

याच्याच शेजारचा एक खड्डा सांगते कारण तू पुढच्या खेपेला त्यात पडणारच. समोर १,००० आहेत आणि तू न बोलता ५,००० ची एकच चिप टाकलीस तर ते रेज नाही, कॉल आहे, ४,००० परत मिळतील. एक मोठी चिप न बोलता टाकली की ती सुट्ट्यासाठी दिली असं धरतात, वाण्याकडे पाचशेची नोट दिली म्हणजे पाचशेचाच माल हवा असं नसतं ना, तसं. रेज हवं तर आधी तोंड उघड.

आणि ते "तो पळालाच असता"? तुझ्याकडे काय पानं होती ते तू लिहिलं नाहीस, पण चार बदाम घेऊन बसलेल्या माणसाला न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरलेले असतात, म्हणजे पुढच्या एका पानाला साधारण पाचात एकदा लागणार. बोटीवरचे कितीतरी लोक एवढ्यावर अजून दोन हजार हसत भरतात, मी रोज बघितलंय. तो पळाला असता हे तू धरून चाललायस. त्यानं भरले असते तर बदाम तोच आला असता आणि तुझे अजून दोन हजार गेले असते. डीलरनं तुला हरवलं हे मनातून काढून टाक.

आता काकांकडे येऊ. "मी पॅक झालो, तुमचं काय गेलं" हा प्रश्न मला फार आवडला कारण वरवर बघता तो बरोबर आहे. माझी पानं, मी टाकली, नुकसान माझं. पण असा डाव मांडून बघ. शेवटचं पान आलंय, तिघं उरलेत. काका पहिले, मधे एक मुलगा, शेवटी तू. पॉटमध्ये ४,००० आहेत. काकांकडे काही नाही, त्यांचा ब्लफ आहे, ते ३,००० लावतात. आता त्या मुलाकडे मधली पानं आहेत, एक जोडी वगैरे. त्याला वाटतंय काका खोटं बोलतायत, पण त्याच्या मागे तू अजून बसलायस. त्यानं ३,००० भरले आणि तू मागून १०,००० केलेस तर? या भीतीनं तो टाकणार. काकांनी ब्लफ केला तो नेमका याच भीतीच्या भरवशावर, दोन माणसं आहेत, मधल्याला मागच्याची धास्ती राहील.

आणि तेवढ्यात तू कंटाळून पानं पुढे फेकतोस. मुलाला कळलं, मागे आता कुणी नाही. धास्ती संपली. तो कॉल करतो, काका हरतात. तुझी पानं रद्दीच होती, तुझं काहीच गेलं नाही, पण काकांचे ३,००० तुझ्या घाईनं गेले आणि मुलाला जी माहिती विकत पण मिळाली नसती ती तू फुकट दिलीस. तुझा डाव हुबेहूब असाच होता असं नाही, पण खेकसण्यामागे बहुतेक असलंच काहीतरी असतं. खेकसायला नको होतं हे मात्र खरं, नवख्याला नीट सांगता येतं, आणि सांगायचं काम डीलरचं, खेळणाऱ्याचं नाही.

नंबर नसताना टाकलेली पानं परत मिळत नाहीत, फोल्ड तो फोल्ड. चुकून बेट किंवा रेज केलंस तर गोष्ट थोडी मजेशीर आहे. साधारण सगळीकडे असं धरतात, की तुझ्या चिप्स तशाच राहतात, डीलर मागे जाऊन ज्याचा नंबर होता त्याला विचारते. त्यानं चेक, कॉल किंवा फोल्ड केलं तर तुझ्यासाठी काही बदललं नाही, म्हणून तू केलंस ते तुला बांधील. त्यानं बेट किंवा रेज केलं तर परिस्थिती बदलली, तुझ्या चिप्स परत, तू नव्यानं ठरव. याच्यातली मेख लक्षात आली का? मधल्या माणसाला तू काय करणार ते आधीच कळलंय, आणि तू मात्र अडकलायस. शिक्षा म्हणून वेगळा दंड करायची गरजच उरत नाही. (टुर्नामेंटमध्ये वारंवार केलंस तर वर पेनल्टी पण मिळते. आणि काही ठिकाणी बारीकसारीक फरक असतात, बसायच्या आधी डीलरला विचारलंस तर ती आनंदानं सांगते, हा माझा अनुभव.)

उलटं पण होतं, म्हणजे तुझाच नंबर कुणी ओलांडला तर. तेव्हा लाजून गप्प बसायचं नाही, लगेच "टाइम" म्हणायचं. तू गप्प राहिलास आणि तुझ्या मागे दोघं-तिघं खेळून गेले तर मग तुझा हक्क जाऊ शकतो.

नंबर चुकतो का, तर परत तोच मोबाइल. तिथे नंबर आला की बटणं उजळायची, नाहीतर दाबताच यायची नाहीत. इथे काही उजळत नाही. उपाय एकच, उजव्या हाताच्या शेजाऱ्याकडे बघत राहायचं. खेळ डावीकडे सरकतो, म्हणजे तुझ्या आधी नेहमी उजवीकडचा खेळणार. त्याच्या चिप्स पुढे गेल्या किंवा पानं गेली की मग तू. तोपर्यंत स्वतःची पानं चिपखाली दाबून ठेव, हातात धरून फेकायच्या तयारीत बसू नकोस, कारण तू टाकणार आहेस हे हाताकडे बघूनच शेजाऱ्याला कळतं, प्रत्यक्ष टाकायची पण गरज नाही. तुझा मावसभाऊ त्याच टेबलावर असला तर डाव चालू असताना त्याच्याशी मालवणीत कुजबुजायचं पण नाही. तुम्ही बांगड्याच्या भावाबद्दल बोलत असाल, बाकी सात जणांना ते कसं कळणार?

तर या दोन गोष्टींत मनातलं कुणी विचारत नाही. फक्त हात, शब्द, नंबर. चूक झाली, दुरुस्त केली, पुढचा डाव. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी चांगल्या चांगल्या खेळाडूंचे कॉल धरलेत.

तू भावोजींना केलंस त्याला स्लो रोल म्हणतात, जिंकलोय हे माहीत असून पानं मुद्दाम रेंगाळत उघडणं, आणि त्याचं नेमकं उलटं आहे. तिथे हात काही चुकत नाही. पानं तुझी, नंबर तुझा, उघडलीस, जिंकलास, पॉट तुझाच. कुठलाही डीलर तो पॉट तुझ्याकडून काढून भावोजींना देणार नाही. सगळा मामला मनातला आहे, आणि म्हणून तो माणसाला लागतो.

तुझा डाव मी माझ्या भाचीकडून काढवून घेतला, तू तिला फोटो पाठवला होतास ना, तिनं मला दाखवला. फ्लॉपवर बदाम गुलाम, बदाम अठ्ठी, किलवर अठ्ठी. मग बदाम पंजी. शेवटी इस्पिक राजा. भावोजींकडे बदाम एक्का आणि बदाम छक्की, म्हणजे एक्क्याचा फ्लश, त्याच्यावर फ्लश होऊच शकत नाही. तुझ्याकडे इस्पिक गुलाम आणि इस्पिक अठ्ठी, तीन अठ्ठ्या दोन गुलाम.

भावोजी ऑल-इन म्हणाले तेव्हा तू थांबून विचार केला असतास तर ते बिलकुल चुकीचं नव्हतं. त्यांच्याकडे दोन राजे असू शकत होते, राजा-अठ्ठी असू शकत होती, उरलेले दोन गुलाम असू शकत होते, या तिन्हींना तू हरतोस. दोन मिनिटं घेतली असतीस तरी तो विचार, स्लो रोल नाही. फ्लॉपलाच फुल हाउस लागल्यावर तू गप्प गप्प खेळत आलास तेही ठीक, त्याला स्लो प्ले म्हणतात, तो डावपेच आहे, त्यानं समोरच्याकडून जास्त चिप्स काढायच्या असतात. लोक या दोन शब्दांत फार गोंधळ करतात. फरक एवढाच बघायचा, की अजून काही लावायचं बाकी आहे का. बाकी असेल तर लपवण्याला अर्थ आहे.

तू कॉल केलास तिथे लावायचं संपलं. शेवटी ज्यानं बेट केली त्यानं आधी दाखवायचं, म्हणून भावोजींनी बरोबर आधी दाखवलं. एक्का, छक्की टेबलावर आले त्या सेकंदाला तुला शंभर टक्के कळलं, की आपण जिंकलो. त्याच्या आधी शंका होती, त्याच्यानंतर नाही. स्लो रोल त्या सेकंदाला सुरू होतो. त्यापुढचं "गेलो वाटतं मी", ते एक पान, तो थांबा, यातून तुला एकही चिप जास्त मिळणार नव्हती. मिळाला तो फक्त भावोजींचा आनंद, आणि तो परत हिसकावून घ्यायचा खेळ. हरणं वेगळं. हरायला माणूस तयार होऊन बसलेला असतो, ऑल-इन केलंय म्हणजे हरू शकतो हे त्यांनाही माहीत होतं. पण तू त्यांना आधी जिंकवलंस, हात पुढे करायला लावलास आणि मग सगळ्यांसमोर तो हात रिकामा परत न्यायला लावलास.

आणि "सगळ्यांसमोर" म्हणजे कोण ते पण बघ. घरचा जावई, गणपतीला सासुरवाडीला आलेला, सासू, मेव्हण्या, भाचरं, शेजारचे सगळे बसलेले. आपल्याकडे त्या दिवसांत जावयाच्या ताटात मोदक मोजून वाढत नाहीत, आणि तू त्यांचं हसं करून ठेवलंस. रागावून जेवणाआधी निघणं हे पण जरा जास्तच झालं, तेही मान्य, बायकोला मधे अडकवून ठेवलं त्यांनी. पण सुरुवात कुणी केली?

तू म्हणशील तीनपत्तीत तर आपण पानं हळूहळूच उघडतो, एकाच्या आड एक सरकवत, तिथे कुणी रागावत नाही. बरोबर. कारण तिथे ब्लाइंड खेळणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं आपल्याकडे काय आलंय, त्याची पण छाती धडधडत असते, सगळे मिळून एकाच गोष्टीची वाट बघतात. तू तुझी पानं फ्लॉपपासून पाठ करून बसला होतास. धडधड फक्त भावोजींची होती.

बोटीवर मी एकदाच भयंकर स्लो रोल बघितला. पहाटेचे तीन वाजलेले, एका पोरानं सगळ्या चिप्स लावून स्ट्रेट दाखवली, समोरच्यानं मान हलवली, "नाइस हँड" म्हणाला, ग्लास उचलला, एक घोट घेतला. पोरगा उठून मागच्याला टाळी द्यायला वळला. मग यानं फ्लश ठेवला टेबलावर, अगदी हलकेच. कुणी काही बोललं नाही. पोरानं जॅकेट उचललं आणि गेला. पुढच्या डावाला दोघं उठले, मग अजून एक, अर्ध्या तासात चार जण उरले आणि टेबल मोडलं. तो जिंकलेला माणूस मला विचारत होता, एवढ्या लवकर सगळे का गेले. नियम नाही म्हणून ही गोष्ट लहान असं नाही, नियम करता येत नाही म्हणून ती लोकांवर सोडलीय, आणि लोक उठून जातात. भावोजी पण तेच करून गेले, फक्त थोडे लांब, चिपळूणपर्यंत.

याच्यात एक व्यवहाराची गोष्ट पण आहे. समोरचा "फ्लश आहे", "तू जिंकलास", "गेलो मी" काहीही बोलला तरी त्याची पानं सरळ टेबलावर दिसेपर्यंत आणि पॉट ढकलला जाईपर्यंत आपली पानं सोडायची नाहीत. बोललेल्यावर पॉट मिळत नाही, पानांवर मिळतो, आणि एकदा पानं टाकलेल्या गठ्ठ्यात गेली की बहुतेक वेळा ती मेली. "गेलो" म्हणणाऱ्याच्या नादानं जिंकलेली पानं फेकून बसलेले लोक मी बघितलेत. म्हणून पण शोडाउनला लोकांना तोंडची गंमत नको असते.

तर माफी. हो, माग, आणि तुझ्या बहिणीमार्फत नको, तिला मधे घालू नकोस, भावोजींना स्वतः फोन कर. आणि "गंमत होती, तुम्ही मनावर घेतलंत" असं चुकूनही म्हणू नकोस, कारण त्यात दोष परत त्यांच्याच पदरात पडतो. काय केलंस ते नाव घेऊन सांग, "तुमचा फ्लश बघितला तेव्हाच मला कळलं होतं मी जिंकलोय, तरी तुम्हाला चिप्स ओढू दिल्या, ते चुकलं." एवढंच. ते पोकर खेळणारे आहेत, या एका वाक्यात त्यांना समजेल, की तुला नेमकं काय समजलंय. पुढे ते गप्प राहिले तर राहू देत, लगेच हसवायला जाऊ नकोस.

घरी सगळे नियम आणू नकोस, मेहेरबानी कर. घरात कुणी नवीन मावशी चिप्स दोनदा टाकायला लागली आणि तू "स्ट्रिंग, फक्त कॉल" म्हणून ओरडलास तर पुढच्या वर्षी कुणी बसणारच नाही, आणि नारळ खवण्यासाठी कुणाला कुणाचा गळा वाचायचा नाहीये. आकडा बोलून टाकायचा आणि नंबरानं खेळायचं, एवढं सुरुवातीला सांगून ठेव, चुकलं तर त्या दिवसापुरतं हसून परत घ्यायला लावायचं, आणि वाद झालाच तर त्या डावात नसलेल्या माणसानं निकाल द्यायचा, तू नाहीस. स्लो रोल मात्र घरात कडक बंद. दिसत असेल आपण जिंकलोय तर पानं दोन्ही एकदम, लगेच, सरळ. बोटीपेक्षा घरात हे जास्त सांभाळायला लागतं कारण बोटीवरचा माणूस परत भेटेलच असं नाही, भावोजी शिमग्याला पालखीला येणारच आहेत. (आणि नारळांच्या जागी पैसे आले असते तर मी हे उत्तरच लिहिलं नसतं, आपल्याकडे घरात पैसे लावून बसणं कायद्यात कुठे बसतं ते आधी वाच म्हटलं असतं.)

हां, तुझा पखवाज राहिला. टेबलावर बोटांनी किंवा हातानं टकटक करणं म्हणजे चेक. तुझा नंबर आलेला असताना तू ताल धरलास तर डीलर चेक म्हणून पुढे जाणार आणि तुझं बेट गेलं. नंबर नसताना वाजवलास तर नंबराआधी चेक केल्यासारखं दिसणार आणि ते काका परत खेकसणार. तेव्हा बोटीवर जाशील तेव्हा धुमाळी धरायचीच असेल तर मांडीवर धर.